अक्रोडाची पेटी कधी उघडली?

प्रश्न : सुदामानगरात माझं ड्रायफ्रूटचं घरगुती काम आहे. सियागंजच्या घाऊक बाजारातून माल आणते, घरी निवडते, पाव-पाव किलोच्या पिशव्या भरते आणि व्हॉट्सॲपवर व पुतण्याने करून दिलेल्या छोट्या वेबसाइटवर विकते. बाकीच्यांची पानं वाचून मीही तसंच लिहिलं : 'प्रीमियम, ताजे, शंभर टक्के नैसर्गिक, हाताने निवडलेले'. तरी लोक भाव विचारतात आणि गप्प होतात. माझा काजू 290 रुपये पाव किलो, दुसऱ्याचा 'जंबो' 255 ला. मी वेगळं म्हणू तरी काय? सहा जणांच्या लिंक पाठवत आहे.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या लिंक ओळीने उघडत गेलो आणि तिसऱ्या पानानंतर कुठलं पान कुणाचं हे नाव झाकलं तर सांगता येईना. तुम्ही पानं वाचलीत, पण अर्धीच. वरचा भाग दुकानदाराने लिहिलेला असतो, खालचा गिऱ्हाइकाने. तुम्ही वरचा उतरवून घेतलात. तुमच्या कामाचं जवळजवळ सगळं खाली आहे.

आधी कुणाची पानं बघायची ते ठरवू. तुमच्या सहापैकी चार देशभर विकणारे मोठे ब्रँड आहेत. त्यातले दोन ठेवा, दोन सोडा. चौघांचं बोलणं एकच आहे. त्यांच्या जागी सियागंज-राजवाड्याकडची अशी दोन दुकानं घ्या, ज्यांच्याबद्दल लोक नकाशावर अभिप्राय लिहितात. दिवाळीत गिफ्ट बॉक्स विकणारं एक मिठाई-नमकीनचं दुकान घ्या. आणि दहा-पंधरा मिनिटांत घरपोच देणारं ॲप विसरू नका. सुदामानगरातलं गिऱ्हाईक तुम्हाला भाव विचारतं तेव्हा त्याच्या दुसऱ्या बोटाखाली बहुतेक तेच उघडं असतं. पिनकोड इंदूरचा टाकून बघा, नाहीतर भाव आणि डिलिव्हरीचा खर्च भलत्याच गावाचा दिसेल.

आता एक वही घ्या, किंवा पुतण्याकडून शीट करून घ्या. प्रत्येक पानासाठी एक ओळ. पहिल्या रकान्यात पानावरचं सर्वात वरचं वाक्य, जसंच्या तसं. आपल्या शब्दांत लिहायचं नाही, कारण आपल्या शब्दांत लिहिलं की दोन वेगळी वाक्यं सारखी वाटू लागतात आणि सारखी असलेली वेगळी. दुसऱ्या रकान्यात आश्वासनं. तिसऱ्यात त्या प्रत्येक आश्वासनासमोर पुरावा : आकडा, तारीख, गावाचं नाव, फोटो, परतीची अट, जे असेल ते. काहीच नसेल तर रकाना कोराच ठेवा. चौथ्यात हे पान कुणाशी बोलतंय : जिमला जाणाऱ्याशी, भेट देणाऱ्याशी, की मुलाला बदाम चारणाऱ्या आईशी. पाचव्यात डिलिव्हरी धरून 100 ग्रॅमचा भाव. पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. दिवाळीच्या तोंडावर ही पानं रातोरात बदलतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोण काय जाहिरात चालवतंय ते मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही फुकट बघता येतं आणि जाहिरात कधीपासून चालू आहे तेही दिसतं. महिनोन्‌महिने चाललेली जाहिरात बहुधा पैसे आणत असते, म्हणून तिच्यातलं वाक्यही पहिल्या रकान्यात घ्या. आठवड्यात बंद झालेल्या जाहिरातीवरून मात्र काहीच ठरवू नका. माल संपला असेल किंवा सण उलटला असेल.

हा तक्ता मी तुमच्या सहा पानांवर भरून पाहिला. दुसरा रकाना भरून वाहतोय आणि तिसरा जवळजवळ रिकामा. 'ताजे' सगळीकडे आहे, तारीख कुठेच नाही. 'हाताने निवडलेले' आहे, पण निवडून काय बाजूला काढलं ते नाही. 'जंबो' आहे, पण किती मोठा ते नाही.

तारीख नसण्यामागे एक कारण आहे. पाकिटावर पॅक केल्याचा महिना आणि वर्ष छापणं नियमांनी बंधनकारक आहे. पण तोच माल ऑनलाइन दाखवताना पानावर बाकीची माहिती द्यावी लागते, या महिन्या-वर्षाला मात्र नियमातच सूट आहे. कारण साधं आहे, पान एक आणि माल येतो-जातो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे भरेपर्यंत त्याला माल किती जुना ते कळत नाही, आणि यात कुणी नियम मोडलेला नसतो.

पण पुरावा नसलेली प्रत्येक जागा म्हणजे संधी असं समजू नका. इथेच बहुतेक जण घसरतात. एखाद्या गोष्टीबद्दल कुणीच बोलत नाही याचं कारण कित्येकदा एवढंच असतं की ती कुणाला नकोच असते. सहापैकी एकानेही पिशवीचा कागद कुठल्या कारखान्याचा ते लिहिलेलं नाही. म्हणून तुम्ही ते लिहायला घेणार नाही. कुठल्या गप्प जागेत गिऱ्हाइकाचं दुखणं आहे, ते खालचा अर्धा भाग सांगतो.

अभिप्राय वाचायची माझी रीत अशी. क्रम 'सर्वात नवे' असा लावायचा, कारण वर दिसणारे निवडून ठेवलेले असतात. पाच तारेवाले सोडून द्यायचे. 'व्हेरी नाइस प्रॉडक्ट' वाचून कुणाचं भलं झालेलं नाही. एक तारेवाले भरभर, कारण त्यात निम्मा राग डिलिव्हरीवाल्यावर असतो. दोन आणि तीन तारे देणारा माणूस मात्र सावकाश वाचायचा. त्याने माल खाल्लेला असतो, रागही आवरलेला असतो, आणि नेमकं काय बिनसलं ते तो सांगतो. त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि शेजारी दोन गोष्टी लिहा : माल कुठला, आणि अभिप्रायाचा महिना कोणता. माल लिहायचा कारण मोठ्या बाजारपेठांवर काजू, बदाम, पाव किलो, एक किलो अशा सगळ्यांचे अभिप्राय बरेचदा एकाच पानाखाली गोळा झालेले असतात. बदामाची तक्रार अक्रोडाच्या खात्यात मांडून बसाल. महिना का लिहायचा ते पुढे येईलच.

साठ-सत्तर वाक्यं झाली की थांबा. त्यांचे ढीग आपोआप पडतात. तुमच्या लिंकखाली मला तीन मोठे दिसले. एक, 'फोटोत मोठे होते, आले छोटे', आणि यात काजू पुढे. दोन, 'कडवट', 'खवट', 'जुन्या तेलाचा वास', आणि यात अक्रोड बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे. तीन, 'डबा मोठा, माल अर्धा', हे मुख्यतः गिफ्ट बॉक्सबद्दल. याखेरीज जाळी-अळीच्या तक्रारी आहेत, पण त्या सगळीकडे थोड्या-थोड्या विखुरलेल्या.

आता तुमच्या व्हॉट्सॲपमधले मागच्या वर्षाचे निरोप काढा आणि त्याच ढिगांत टाका. इथे प्रतिस्पर्ध्याची गरज नाही, तुमचीच गिऱ्हाइकं बोलताहेत. 'मागच्या वेळचे अक्रोड चांगले निघाले, तसेच द्या' असा निरोप कुणी पाठवला असेल तर तो सोन्याचा. 'तसेच' म्हणजे कसे, हे त्या बाईंना फोन करून विचारा.

मग जुळवणी. मी चार प्रश्न लावतो. गिऱ्हाईक याबद्दल स्वतःहून बोलतं का? प्रतिस्पर्धी गप्प आहेत का? तुम्ही हे आजही करता का? आणि मोठ्यांनी ठरवलं तरी त्यांना हे सहज करता येणार नाही ना? बहुतेक कल्पना तिसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नाशी गळतात.

तुमच्या पत्रात शेवटी 'सांगलीचे बेदाणे, थेट शेतकऱ्याकडून असं लिहू का' असं विचारलंय. (जागेअभावी तेवढा भाग वर छापलेला नाही.) मराठी घरांत ते छान वाटेल, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण तुम्ही माल सियागंजातून घेता. व्यापाऱ्याने सांगली म्हटलं म्हणून 'थेट शेतकऱ्याकडून' होत नाही. शिवाय बेदाणे कुठले आहेत अशी तक्रार एकाही अभिप्रायात नाही. पहिल्याच प्रश्नाला गळलं. 'साखर आटोक्यात ठेवणारे', 'हृदयासाठी' वगैरेकडे तर वळूच नका. तिथे सगळे ओरडताहेत, आणि रोग बरा होण्याचे किंवा टळण्याचे दावे अन्नपदार्थाच्या जाहिरातीत मंजुरीशिवाय करता येत नाहीत.

काजूचं प्रकरण जास्त गमतीचं आहे, आणि तुमच्या 290 विरुद्ध 255 चं उत्तर त्यातच आहे. काजूचे नंबर तुम्हाला सियागंजात रोज ऐकू येतात : 180, 210, 240, 320. तो आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे काजू बसतात तो. 240 नंबरमध्ये पौंडाला 220 ते 240 दाणे, 320 मध्ये 300 ते 320. पाव किलोला हिशेब केला तर 240 चे साधारण 121 ते 132 दाणे भरतात आणि 320 चे 165 ते 176. आकडा लहान तेवढा काजू मोठा. तुम्ही विकता 240. त्या 'जंबो'वाल्यांचं पाकीट मागवा आणि ताटात ओतून दाणे मोजा. 170 च्या आसपास भरले तर तो 320 आहे, आणि 35 रुपयांचा फरक भावाचा नसून मालाचा आहे. पण गिऱ्हाइकाला तसं कसं कळावं? दोन्ही पानांवर 'प्रीमियम' एवढंच आहे, मग तो भावच बघणार.

म्हणून काजूच्या पानावर आजच लिहा : 'काजू 240 नंबर. 250 ग्रॅममध्ये 120 ते 130 दाणे. मोजून बघा.' इतकंच. त्यांचं नाव नाही, त्यांचा भाव नाही. दुसऱ्याचा माल कमी लेखून आपला पुढे करणं अन्नसुरक्षेच्या जाहिरात-नियमांतही बसत नाही, आणि त्याची गरजही नाही. एक दक्षता घ्या : प्रत्येक नव्या डब्यातल्या पाव किलोचे दाणे मोजायचे. काही डबे वरच्या टोकाला जातात, आणि 132 निघाले तर 'मोजून बघा' म्हणणाऱ्याची पंचाईत होते. अधूनमधून तसे निघत असतील तर पानावरही 'साधारण 120 ते 135' करा.

मात्र काजूच्या नंबरवर सगळं दुकान उभं करू नका. तो चौथ्या प्रश्नाला टिकत नाही. मोठ्या ब्रँडच्या कुणा पोराला हे सुचलं तर एका संध्याकाळी तो त्यांच्या पानावर दाण्यांचा आकडा टाकून मोकळा होईल. पानावर ती एक चांगली ओळ आहे, तुमची ओळख नव्हे.

तुमची खरी जागा अक्रोडात आहे. अक्रोडाचं तेल हवेने फार लवकर बिघडतं. कवच असेपर्यंत गर सुरक्षित असतो. फोडला की हवा, उजेड आणि उष्णता यांनी तो खवट व्हायला लागतो, आणि तुकडे जितके जास्त तितकी हवा लागायला जागा जास्त. इंदूरच्या मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना पारदर्शक पिशवीतला अक्रोड गोदामात पडला तर काय होणार ते सांगायला नको. म्हणून तुम्हाला अभिप्रायाचा महिना लिहायला सांगितलं. तुमच्या लिंकखालच्या 'कडवट'वाल्या तक्रारी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतच्या महिन्यांत दाटलेल्या आहेत. दुसऱ्या पानांवरही तसंच दिसतंय का ते तुम्ही तपासा. सारख्याच पसरलेल्या निघाल्या तर माझा तर्क कच्चा समजा, आणि मग दोष साठवणीपेक्षा निवडीचा असण्याची शक्यता जास्त.

मोठ्या दुकानांना इथे का बोलता येत नाही? त्यांचा माल एकदाच भरपूर पॅक होतो आणि गावोगावच्या गोदामांत जाऊन थांबतो. कुठलं पाकीट किती दिवस बसलं होतं हे त्यांच्या पानाला माहीतच नसतं. तुम्ही मात्र सियागंजातून एक पेटी आणता, ती उघडता, आणि ती संपली की दुसरी. हे तुम्ही आजही करता आणि पत्रात एका ओळीत उरकून टाकलंत. 'पेटी या मंगळवारी उघडली' हे वाक्य मोठा ब्रँड प्रामाणिकपणे लिहूच शकत नाही. म्हणून ते तुमचं.

पण थांबा, इथे तुमचीही एक पोकळ जागा आहे आणि ती आधी बुजवायला हवी. पेटी तुम्ही मंगळवारी उघडली, ठीक. पेटीत माल कधीचा होता? कश्मीरचा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो. तो कुणी पुढच्या ऑगस्टमध्ये पॅक केला तर पाकिटावर खुशाल ऑगस्ट छापता येतो. पॅक केल्याची तारीख म्हणजे पिकाची तारीख नव्हे. तुम्ही नुसती पेटी उघडल्याची तारीख लिहिलीत आणि आत मागच्या हंगामाचा माल निघाला, तर तुम्हीही तेच केलंत जे बाकीचे 'ताजे' लिहून करतात.

तेव्हा सियागंजात विचारायचा प्रश्न बदला. 'भाव काय' च्या आधी 'कुठल्या हंगामाचा, कुठला' हे विचारा आणि पेटीवरचं लेबल वाचा; आयात मालाच्या पेटीवर देश आणि तारखा असतात. इथे हंगामाचं एक गणित तुमच्या कामाला येईल. चिली दक्षिण गोलार्धात आहे, तिथला अक्रोड मार्च ते मेमध्ये उतरतो आणि जहाजाने इकडे यायला वेळ घेतो. म्हणजे राखीच्या सुमाराला बाजारात चिलीचा माल नव्या पिकाचा असू शकतो, तर त्याच वेळी कश्मीरचा जवळपास वर्षाचा झालेला असतो. दिवाळी उलटली की उलट : कश्मीरचा नवा, चिलीचा जुना. वर्षभर एकाच देशाचा आग्रह धरण्यापेक्षा त्या-त्या वेळी नवा असेल तो घ्या आणि पानावर तसं सांगा. शीतगृहात नीट ठेवलेला जुना माल चांगला निघू शकतो हेही खरं. म्हणून कागदावरच्या तारखेवर न थांबता चाखायचं.

चाखायचं कसं? नुसता वरचा थर नव्हे. पेटीच्या चारही कोपऱ्यांतून, मधून आणि तळातून मिळून दहा-बारा गर काढा, प्रत्येक मोडा, वास घ्या, चावा आणि क्षणभर थांबा. खवटपणा पहिल्या चाव्याला कळत नाही, घशाशी मागाहून येतो. सालीचा किंचित तुरटपणा हा दोष नव्हे, तो अक्रोडात असतोच. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास किंवा जिभेवर रेंगाळणारा कडूपणा हा दोष. रंगावर फार विसंबू नका. गडद गर बरेचदा जुना असतो, पण काही जाती मुळातच गडद असतात. दोन गर खवट निघाले तर पेटी परत. व्यापारी ऐकणार नाही असं वाटत असेल तर आधीच बोलून ठेवा की पेटी चाखून मग पैसे. नियमित घेणाऱ्याला तो नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर व्यापारी बदला, कारण पुढचं सगळं आश्वासन या एका अटीवर उभं आहे.

आता पान. 'ताजे' आधी काढा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं यापलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थासाठी राखलेला आहे. सुकवलेल्या मेव्याला तो लावणं जोखमीचं. 'नैसर्गिक' आणि 'शुद्ध' यांनाही अशाच अटी आहेत. तसाही हे शब्द काढून तुमचं काही जात नाही, सहाही पानांवर ते आहेत.

त्या जागी अक्रोडाच्या पानावर सर्वात वर हे घाला :

'अक्रोड गर, कश्मीर, या हंगामाचा. पेटी मंगळवार, 11 नोव्हेंबरला उघडली. दहा दिवसांत संपते, मग नवी. चाखून घेतलेला, खवट लागला तर पिशवी परत, पैसे परत.'

खाली पेटीच्या लेबलचा फोटो, व्यापाऱ्याचं नाव झाकून. तारीख दर पेटीला बदलायची. पुतण्याला सांगा की ही एक ओळ तुम्हाला फोनवरून स्वतः बदलता आली पाहिजे. तीन आठवडे जुनी तारीख पानावर राहिली तर ती तुमच्याच विरुद्ध साक्ष देईल. जमणार नसेल तर वेबसाइटवर फक्त हंगाम लिहा आणि तारीख व्हॉट्सॲपवर द्या. आणि हे सगळं हिंदीतही हवं, तुमची निम्मी गिऱ्हाइकं मराठी वाचत नसणार. 'पेटी मंगलवार को खुली' असं साधं लिहा. हिंदी वेबसाइटी लिहितात तसली जड हिंदी नको.

हा निरोप कुणासाठी आहे तेही बघा. चौथा रकाना आठवतोय ना? सहापैकी चार पानं भेट देणाऱ्याशी बोलताहेत, दोन जिमवाल्यांशी. रात्री चार अक्रोड भिजवून सकाळी घरात वाटणाऱ्या बाईशी कुणीच बोलत नाही. खवट अक्रोड तिलाच कळतो, कारण ती तो खाते. भेट देणारा खात नाही. त्याला डबा कसा दिसतो आणि वेळेवर पोचतो का, हेच हवं असतं. त्यामुळे दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सवर पेटीची तारीख पुढे आणू नका, तिथे ती निरुपयोगी आहे. तिथे तिसऱ्या ढिगाकडे बघा : डब्याच्या फोटोखाली प्रत्येक खणात किती ग्रॅम ते लिहिलं तरी पुरे. डिंकाच्या लाडवांच्या दिवसांत मात्र तारीख पुन्हा वर. लाडवात एक खवट अक्रोड गेला तर सगळा घाणा वाया जातो, हे आपल्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही.

पान बदलण्याआधी छोटी चाचणी घ्या. व्हॉट्सॲपवर दोन ब्रॉडकास्ट याद्या करा, जुनी गिऱ्हाइकं दोन्हींत सारखी वाटून. ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, हे लक्षात ठेवून याद्या करा. एकाच दिवशी, एकाच भावाने, एका यादीला तुमचा जुना मजकूर आणि दुसरीला पेटीचा. ऑर्डरी मोजा, पण इतक्या थोड्या लोकांत पाच विरुद्ध सात या फरकाला काही अर्थ नाही. त्याऐवजी उत्तरांतला पहिला प्रश्न बघा. जुन्या मजकुरावर 'किती रुपये' येतंय आणि नव्यावर 'पुढची पेटी कधी', 'बदामाचीही तारीख सांगाल का' असं येऊ लागलं, तर निरोप पोचला. दोन्हींवर 'किती रुपये'च येत असेल तर दोन शक्यता : एकतर तुमच्या गिऱ्हाइकांना खवट अक्रोडाचा अनुभव नाही, किंवा ते अक्रोड घेतच नाहीत, काजू-बदामच घेतात. मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी चाळल्या की कुठली ते कळेल. दुसरी खरी ठरली तर हीच रीत बदामाला लावून बघा. कॅलिफोर्नियाचं पीक ऑगस्ट ते ऑक्टोबरात निघतं, तेव्हा दिवाळीला बाजारात नवा आणि जुना माल शेजारी-शेजारी असतो आणि विचारण्यासारखं तिथेही बरंच असतं. फक्त बदाम अक्रोडाइतका लवकर खवटत नाही, त्यामुळे तक्रारीही तितक्या सापडणार नाहीत आणि निरोपाला धार कमी येईल.

भावाचं राहिलं. चाखून नाकारलेली पेटी परत करायची, दहा दिवसांत संपेल एवढाच माल आणायचा, कुणाची पिशवी परत घ्यायची, या सगळ्याला पैसे लागतात. ते अक्रोडाच्या भावात धरा. किती, ते दोन-तीन पेट्यांनंतर कळेल. तोवर परत आलेल्या पिशव्या तारीख आणि पेटीसह लिहून ठेवा. एकाच पेटीतून तीन परत आल्या तर त्या पेटीतल्या उरलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तुम्हीच निरोप पाठवा, त्यांनी विचारायची वाट न पाहता.

प्रतिस्पर्ध्यांचा तक्ता पुन्हा भरायचा तो दोनदा : एकदा होळीनंतर, उन्हाळा लागताना, आणि एकदा दिवाळीच्या महिनाभर आधी. पुन्हा भरताना तिसऱ्या रकान्याकडे बघा. कुणाच्या पानावर तारीख दिसू लागली तर त्यांच्या नव्या अभिप्रायांतले 'कडवट' कमी झालेत का ते तपासा. झाले नसतील तर त्यांनी फक्त वाक्य उचललंय, आणि तुम्हाला काही बदलायचं कारण नाही.